तारेवरचे मणी आणि तीन कर्ण

ताणलेली तार छेडली की ती नेमकी कशी थरथरते, या प्रश्नावर अठराव्या शतकाच्या मध्याला युरोपातले तीन मोठे गणिती एकमेकांशी वाद घालत होते: दालांबेअर, ऑयलर आणि डॅनियल बर्नुली. १७५९ साली तुरीनमधल्या तेवीस वर्षांच्या जोसेफ-लुई लाग्रांजने या वादात उडी घेतली, ती वेगळ्याच बाजूने. त्याने तार तात्पुरती बाजूला ठेवली. वजन नसलेला एक ताणलेला दोरा घ्यायचा, त्यावर समान अंतरावर सारख्या वजनाचे मणी बसवायचे आणि आधी त्या मण्यांचं गणित पूर्ण सोडवायचं. मग मण्यांची संख्या वाढवत वाढवत तारेपर्यंत पोचायचं, असा त्याचा बेत होता.

मण्यांचं गणित त्याने खरोखरच तडीस नेलं. आज संगणकावर काम करणारा अभियंता त्याच वाटेने उलटा चालत येतो. त्याच्यापुढे अखंड तार असते, पण संगणकाला अनंत बिंदू पेलत नाहीत. म्हणून तो तारेवरचे मोजके बिंदू निवडतो आणि फक्त त्यांचीच समीकरणं लिहितो. ती लिहून झाल्यावर कागदावर आकड्यांचा जो चौकोन उभा राहतो, तो लाग्रांजच्या मण्यांचाच असतो. त्याला दुसऱ्या फरकाचं मॅट्रिक्स म्हणतात. अंकीय गणितात हजारो मॅट्रिक्स भेटतात, त्यातली बहुतेक आपलं पोट उघडून दाखवत नाहीत. हे दाखवतं. त्याची सगळी आयगेनव्हॅल्यू एका ओळीच्या सूत्रात बसतात, आणि त्यामुळे संगणकाचं उत्तर कुठे खरं असेल, कुठे खोटं असेल आणि किती खोटं असेल, हे गणित करायच्या आधीच सांगता येतं.

सुरुवात थरथरणाऱ्या तारेपेक्षा स्थिर तारेपासून केलेली बरी. एक मीटर लांबीची तार दोन्ही टोकांना खिळ्यांनी घट्ट बांधलेली आहे आणि तिच्यावर भार टाकलेला आहे. ती किती झुकेल? नियम सोपा आहे. जिथे भार जास्त तिथे तार जास्त वळते. एकक सोयीचे निवडले, तर झुकाव u आणि भार f यांचं नातं असं लिहिता येतं:

```
-u''(x) = f(x),   u(0) = 0,   u(1) = 0
```

u'' म्हणजे उताराच्या बदलाचा दर, अर्थात तार किती वळली याचं माप. खरी मेख पुढच्या दोन अटींत आहे. फेकलेल्या चेंडूच्या गणितात सुरुवातीची जागा आणि वेग दोन्ही माहीत असतात, त्यामुळे क्षणाक्षणाने पुढे सरकत जाता येतं. इथे डाव्या टोकाची उंची माहीत आहे, पण तिथला उतार माहीत नाही. दुसरी माहिती थेट पलीकडच्या टोकाला आहे. डावीकडून चालत निघालो तर उजव्या खिळ्यावर बरोबर पोचू याची खात्री नाही. म्हणून सगळ्या बिंदूंवरची उत्तरं एकदमच काढावी लागतात. अशा प्रश्नाला सीमामूल्य प्रश्न म्हणतात.

आता तारेचे चार सारखे भाग करू. मध्ये तीन बिंदू येतात, आणि दोन बिंदूंमधलं अंतर h = 1/4. समजा पाच ठिकाणचे झुकाव, एक बत्तिसांशाच्या मापात, ०, ३, ४, ३, ० असे आहेत. शेजारच्या आकड्यांचे फरक काढले तर ३, १, −१, −३ मिळतात. हे उताराचं काम करतात. या फरकांचे पुन्हा फरक काढले तर −२, −२, −२. हाच दुसरा फरक, आणि तो u'' च्या जागी उभा राहतो. तो तिन्ही बिंदूंवर सारखाच आला, म्हणजे भारही सगळीकडे सारखाच असला पाहिजे. पडताळून पाहू: २/३२ म्हणजे १/१६, आणि h चा वर्गही १/१६. म्हणजे f = 1. सगळीकडे एकसारखा भार असलेल्या तारेचा झुकाव बरोबर ३/३२, ४/३२, ३/३२ असाच असतो. अखंड तारेचं उत्तर x(1−x)/2 आहे. त्यात १/४, १/२, ३/४ घालून पाहिलं की हेच आकडे येतात.

मधल्या एका बिंदूसाठी दुसरा फरक, चिन्ह उलटं करून, असा दिसतो: स्वतःची दुप्पट, वजा डावा शेजारी, वजा उजवा शेजारी. दोन शेजाऱ्यांच्या सरासरीपासून तो बिंदू किती ढळला आहे, त्याची ही दुप्पट. पाच बिंदूंची पाच समीकरणं एकाखाली एक लिहिली की चौकोन तयार होतो:

```
 2 -1  0  0  0
-1  2 -1  0  0
 0 -1  2 -1  0
 0  0 -1  2 -1
 0  0  0 -1  2
```

मुख्य कर्णावर २, त्याच्या वर आणि खाली −१, बाकी सगळी शून्यं. प्रत्येक बिंदूचा संबंध फक्त लगतच्या दोन शेजाऱ्यांशी असल्यामुळे आकडे या तीन कर्णांबाहेर जातच नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत एकेक −१ कमी दिसतो. तिथला शेजारी म्हणजे खिळा. त्याचा झुकाव शून्य, म्हणून तो समीकरणातून गळतो. टोकं बांधलेली आहेत ही गोष्ट चौकोनाच्या दोन कोपऱ्यांत अशी गुपचूप नोंदवलेली असते.

ही समीकरणं शाळेत शिकवतात त्याच निरसनाच्या पद्धतीने सोडवायची. पहिल्या ओळीच्या मदतीने दुसऱ्या ओळीतला पहिला −१ घालवला की दुसऱ्या ओळीच्या कर्णावर २ च्या जागी ३/२ येतो. त्या ओळीने तिसऱ्या ओळीतला −१ घालवला की तिथे ४/३. मग ५/४, मग ६/५. हा क्रम कितीही मोठ्या चौकोनात असाच चालत राहतो. तो १ च्या जवळ जवळ सरकतो, पण शून्याच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे शून्याने भागायची वेळ येत नाही आणि ओळींची अदलाबदल करावी लागत नाही. या पाच आकड्यांचा गुणाकार केला की अंश-छेद एकमेकांना खात जातात आणि शेवटी ६ उरतात. हा झाला डिटर्मिनंट, आणि n बिंदूंसाठी तो n+1 असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला फुकटात मिळणारी ही पहिली चाचणी. डिटर्मिनंट n+1 येत नसेल तर मॅट्रिक्स भरतानाच कुठेतरी चूक झाली आहे.

प्रत्येक ओळीत एकच आकडा घालवायचा असल्यामुळे कामही थोडंच असतं. बिंदू दहापट झाले तर काम दहापटच वाढतं, तर गच्च भरलेल्या मॅट्रिक्सवर तेच निरसन केलं तर काम हजारपट वाढतं. तीन कर्णांसाठी बेतलेल्या या निरसनाला थॉमस पद्धत म्हणतात. कोलंबिया विद्यापीठाच्या वॉटसन प्रयोगशाळेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ ल्युएलिन थॉमस यांनी १९४९ साली ती मांडली.

इथे नवशिका हमखास एका मोहात पडतो. त्याला वाटतं, मॅट्रिक्सचा व्यस्त एकदाच काढून ठेवू, मग कुठलाही भार आला तरी नुसता गुणाकार करायचा. पण व्यस्त मॅट्रिक्समध्ये एकही शून्य नसतं. कारण भौतिकच आहे. वरच्या पाच बिंदूंपैकी मधल्या एकावर एक एकक भार टाकला तर पाचही बिंदू खाली येतात: ०.५, १, १.५, १, ०.५. तार मध्ये टोक असलेल्या त्रिकोणासारखी ताणली जाते. हे पाच आकडे म्हणजेच व्यस्ताचा मधला स्तंभ. कुठेही बोट टेकवलं तरी अख्खी तार हलते, म्हणून व्यस्त गच्च भरलेला. दहा लाख बिंदू घेतले तर तीन कर्णांना तीस लाख आकडे पुरतात, म्हणजे सुमारे २४ मेगाबाइट. तेवढ्याच बिंदूंचा व्यस्त साठवायचा तर आठ टेराबाइट लागतील. ओळखीचे शेजारी मोजके असणं हीच या मॅट्रिक्सची दौलत आहे, आणि व्यस्त काढला की ती उधळली जाते.

आता आयगेनव्हॅल्यू. मॅट्रिक्सने एखाद्या आकाराला गुणलं की सहसा आकार बदलतो. काही खास आकार मात्र तसेच राहतात, फक्त एका आकड्याच्या पटीत लहान-मोठे होतात. तो आकार म्हणजे आयगेनव्हेक्टर आणि तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. ताणलेल्या तारेचे खास आकार कोणते हे संगीतातल्या माणसाला वेगळं सांगायला नको: एक फुगा, दोन फुगे, तीन फुगे, म्हणजेच साइनच्या लाटा. लाग्रांजच्या मण्यांचेही खास आकार हेच निघतात, आणि अगदी तंतोतंत निघतात. त्याची सिद्धता अकरावीच्या त्रिकोणमितीत बसते. कुठलाही कोन θ घ्या आणि j व्या बिंदूवर उंची sin(jθ) ठेवा. दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज करा:

```
sin((j-1)θ) + sin((j+1)θ) = 2 cos θ · sin(jθ)
```

बिंदूच्या दुपटीतून ही बेरीज वजा केली की उरतं (2 − 2cos θ) गुणिले sin(jθ). म्हणजे आकार तोच राहिला, पट मिळाली 2 − 2cos θ. पण अजून टोकांचा हिशेब राहिला आहे. डाव्या खिळ्यावर j = 0, तिथे साइन आपोआप शून्य. उजव्या खिळ्यावर j = n+1, तिथेही साइन शून्य हवा. त्यासाठी (n+1)θ हा π च्या पूर्ण पटीत बसला पाहिजे. एवढ्या एका अटीने कोन ठरतात आणि सूत्र हातात येतं:

```
λ_k = 2 - 2 cos(kπ/(n+1)) = 4 sin²(kπ/(2(n+1))),   k = 1, 2, ..., n
```

मॅट्रिक्स कितीही मोठं असो, प्रत्येक आयगेनव्हॅल्यू शून्य आणि चार यांच्या मध्येच सापडते आणि एकही दुसऱ्यासारखी नसते. संगणकावर हे पडताळायला सहा ओळी पुरतात:

```python
import numpy as np
n = 9
K = 2*np.eye(n) - np.eye(n, k=1) - np.eye(n, k=-1)
print(np.linalg.eigvalsh(K))
k = np.arange(1, n+1)
print(2 - 2*np.cos(k*np.pi/(n+1)))
```

पडद्यावर दोनदा तीच नऊ आकड्यांची रांग उमटते. पहिली रांग संगणकाने मॅट्रिक्सवर खटपट करून काढलेली असते, दुसरी थेट सूत्रातून आलेली.

खरी तार काय म्हणते ते आता बाजूला ठेवून पाहू. अखंड तारेच्या बाबतीत k फुग्यांच्या आकाराची पट k²π² असते. मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू h च्या वर्गाने भागली की ती या आकड्याच्या तोडीस तोड यायला हवी. तीनच बिंदू घेतले तर आयगेनव्हॅल्यू 2−√2, 2 आणि 2+√2 येतात. १६ ने गुणल्यावर ९.३७, ३२ आणि ५४.६३. खरे आकडे ९.८७, ३९.४८ आणि ८८.८३. पहिला बरा, दुसरा ढिला, तिसरा पार कोलमडलेला.

हा फरक कानाने कसा जाणवेल? कंपनसंख्या या आकड्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. खऱ्या तारेत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कंपनाचं प्रमाण १ : २ : ३. पहिला स्वर षड्ज धरला तर दुसरा वरच्या सप्तकातला षड्ज आणि तिसरा त्याच्यावरचा पंचम. तीन मण्यांच्या दोऱ्यात हे प्रमाण १ : १.८५ : २.४१ होतं. म्हणजे वरच्या षड्जाऐवजी शुद्ध निषादापेक्षा किंचित उतरलेला स्वर येतो, आणि पंचमाऐवजी वरच्या सप्तकातल्या कोमल गंधाराच्या जवळपासचा. तानपुऱ्याची तार असं वागली तर कुणी तिच्या साथीने गायला बसणार नाही. पण यात मण्यांचा काही दोष नाही. वजन नसलेल्या दोऱ्यावर खरोखर तीन मणी बसवले तर ते याच स्वरांत थरथरतील. हे मॅट्रिक्स मण्यांसाठी अचूक आहे. तारेसाठी ते अंदाज आहे. गणित करणाऱ्याने आपण कुणाचं उत्तर काढतो आहोत हे विसरून चालत नाही.

बिंदू वाढवले की काय होतं? नऊ बिंदूंवर पहिला आकडा ९.७८९ येतो, खऱ्यापेक्षा सुमारे ०.८ टक्क्याने कमी. नव्व्याण्णव बिंदूंवर तो ९.८६८८ येतो आणि चूक साधारण ०.००८ टक्क्यांवर उतरते. अंतर दहापट लहान केलं, चूक शंभरपट घटली. चूक h च्या वर्गाच्या प्रमाणात घटते, असं यालाच म्हणतात.

शेवटचा आकडा मात्र या सगळ्याला दाद देत नाही. नऊ बिंदूंवर नववी आयगेनव्हॅल्यू ३९० येते, खरी असते ७९९. नव्व्याण्णव बिंदूंवर नव्व्याण्णवावी सुमारे ३९,९९० येते, खरी असते ९६,७०० च्या पुढे. बिंदू वाढवून ती सुधारली नाही, उलट जरा आणखी घसरली. कारण त्या आकारात लगतचे दोन मणी नेहमी विरुद्ध बाजूला असतात, एक वर तर पुढचा खाली. एका फुग्याला जेमतेम एक बिंदू वाट्याला येतो, आणि एवढ्यावरून फुग्याची गोलाई कळणं शक्यच नसतं. बिंदू कितीही घेतले तरी शेवटच्या आकाराची हीच गत होते. तिथे मॅट्रिक्सचा आकडा खऱ्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. म्हणून संगणकाने n आयगेनव्हॅल्यू छापल्या तरी त्या सगळ्या तारेच्या मानायच्या नाहीत. पहिल्या काहींवर विसंबावं. मधल्या संशयाने पाहाव्यात. वरच्या टोकाच्या फक्त मण्यांच्या आहेत. एखाद्या पुलाची किंवा यंत्राच्या दांड्याची कंपनं संगणकावर काढणाऱ्याला हीच शिस्त पाळावी लागते. तिथे खरं उत्तर समोर नसतं. इथे ते असल्यामुळे चूक उघड मोजता येते.

ही सूत्रं हाताशी असली की चुका पकडण्याचंही चांगलं साधन मिळतं. सर्वांत नेहमीची चूक अंतराची. n हे आतल्या बिंदूंची संख्या, पण तारेचे तुकडे n+1 होतात. घाईत h = 1/n लिहिलं जातं. मग नऊ बिंदूंवर पहिला आकडा ९.८७ च्या ऐवजी ७.९३ येतो. लिहिणारा म्हणतो, बिंदू कमी आहेत, वाढवू या. नव्व्याण्णव बिंदूंवर ९.६७ येतो. उत्तर सुधारतंय असं वाटतं, म्हणून चूक तशीच पुढे सरकते. पण हिशेब मांडून पाहा: आधी वीस टक्के कमी होतं, आता दोन टक्के. बिंदू अकरापट झाले आणि चूक फक्त दहापटच घटली, शंभरपट घटायला हवी होती. उत्तर खऱ्याकडे जातंय का, एवढंच विचारून भागत नाही. ते कोणत्या गतीने जातंय हे पाहिलं की दडलेली चूक उघडी पडते.

दुसरा सापळा त्याहून गोड आहे. प्रोग्रॅम तपासायला बरेच जण एकसारखा भार घेतात, कारण त्याचं उत्तर माहीत असतं. वर पाहिलं तसं त्या भाराला तीन बिंदूंवरही पूर्ण अचूक उत्तर येतं. पद्धतीची चूक u च्या चौथ्या विकलकावर अवलंबून असते आणि x(1−x)/2 चा चौथा विकलक शून्य आहे, म्हणून. त्यावरून कुणी समजला की आपली पद्धत कायम अचूक आहे, तर तो फसला. साइनच्या आकाराचा भार टाकून पाहावा. तीन बिंदूंवर सगळे झुकाव ९.८७ भागिले ९.३७ या पटीत, म्हणजे साधारण ५.३ टक्के जास्त येतात. ही चूक सूत्रातूनच वाचता येते, तार सोडवायचीही गरज नाही.

आणि टोकं. समजा दोन्ही टोकं खिळ्यांतून सोडवली आणि ती वर-खाली सरकू शकणाऱ्या कड्यांत अडकवली. मग कोपऱ्यातले दोन्ही २ बदलून १ होतात. एवढाच बदल, पण मॅट्रिक्स निकामी होतं. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य होते, निरसन करताना कर्णावर १, १, १ येत जातात आणि शेवटच्या जागी शून्य उभं राहतं. तार काय सांगते ते उघड आहे: दोन्ही कडी मोकळी असतील तर अख्खी तार हवी तेवढी वर किंवा खाली सरकवली तरी काहीच ताणलं जात नाही. आयगेनव्हॅल्यू शून्य, आकार सपाट. संगणक इथे भागाकाराची चूक दाखवतो किंवा अवाढव्य आकडे छापतो, आणि पुष्कळांना वाटतं संगणकाचं काहीतरी बिनसलं. खरं तर तारेला कुठे बांधायचं हे सांगायचंच राहून गेलेलं असतं.

हे झालं एका तारेचं. पडदा किंवा धरणाची भिंत घेतली की प्रत्येक बिंदूला चार शेजारी येतात, कर्णावर ४ बसतो, आणि तीन कर्णांची सोय संपते. चौकोनी पडद्याच्या आयगेनव्हॅल्यू मात्र अजूनही हातात राहतात: आडव्या तारेची एक आणि उभ्या तारेची एक घ्यायची आणि बेरीज करायची. एवढा आधार घेऊन ल्युईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दगडी धरणातल्या ताणांचं गणित केलं. संगणक म्हणजे तेव्हा माणसं. त्याने मुलांना कामाला लावलं होतं. मजुरी बिंदूमागे आणि अंकांच्या संख्येवर ठरत असे, आणि चुकलेली गणितं हिशेबात धरली जात नसत.

हाताने निरसन करणं अवघड, म्हणून तो अंदाजाने सुरुवात करून तोच सुधारत नेत असे. हा मार्ग किती लांबचा आहे हेही आयगेनव्हॅल्यूच सांगतात. नव्व्याण्णव बिंदूंच्या तारेवर साध्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांच्या सरासरीवरून नवी किंमत देत गेलं, तर एका फेरीत चूक cos(π/100) पटीने घटते. हा आकडा ०.९९९५ आहे. चूक दहापट कमी व्हायला साडेचार हजारांवर फेऱ्या लागतात. मधल्या आकारांच्या चुका लवकर विरतात, पण सर्वांत दातेरी चूक दर फेरीत चिन्ह बदलत तितकीच रेंगाळते. एका फुग्याची संथ चूक हटता हटत नाही, कारण तिची आयगेनव्हॅल्यू सर्वांत लहान.

रिचर्डसनने यावर उपाय काढला. प्रत्येक फेरीत सुधारणेचं पाऊल सारखं ठेवायचं नाही, ते बदलत न्यायचं. पाऊल एखाद्या आयगेनव्हॅल्यूच्या व्यस्ताइतकं घेतलं तर त्या आकाराची चूक त्या एका फेरीत पूर्ण नाहीशी होते. तीन बिंदूंच्या तारेला 2−√2, 2 आणि 2+√2 यांचे व्यस्त पावलं म्हणून दिले की तीन फेऱ्यांत काम संपतं. मोठ्या मॅट्रिक्सवर हे जपून करावं लागतं. नव्व्याण्णव बिंदूंवर सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू सर्वांत लहानीच्या सुमारे चार हजार पट असते. लहानीसाठी घेतलेलं लांब पाऊल मोठीच्या आकारातली बारीकशी चूकही चार हजारपट फुगवतं, आणि दशांशांची काटछाट करताना राहिलेला कचरा त्यातून वर येतो. म्हणून पावलं पूर्ण पल्ल्यात विखरून आणि क्रम सांभाळून घ्यावी लागतात.

त्याची दुसरी युक्ती आजही रोज वापरली जाते. चूक h च्या वर्गाने घटते हे माहीत असेल तर दोन ओबडधोबड उत्तरांतून एक बारीक उत्तर काढता येतं. तारेचे चार भाग करून पहिला आकडा ९.३७२६ आला. आठ भाग करून ९.७४३४ येतो. अंतर निम्मं केलं, म्हणजे चूक जवळपास चौथाई झाली. तेव्हा दुसऱ्याची चौपट करून पहिला वजा करायचा आणि तीनने भागायचं:

```
(4 × 9.7434 - 9.3726) / 3 = 9.8670
```

खरा आकडा आहे ९.८६९६. चार भागांत चूक ०.५० होती, आठ भागांत ०.१३, आणि दोन्ही एकत्र केल्यावर ०.००२६. एवढी अचूकता नुसते बिंदू वाढवून मिळवायची तर तारेचे पन्नासहून अधिक भाग करावे लागले असते.